चार मार्कांनी हुकलं, की तिथंच अडकलं?

*मी २७ वर्षांची, नागपूरची. बी.कॉम. केलं, इतवारीतल्या एका लहान सीए ऑफिसात तीन वर्षं आर्टिकलशिप केली. सीए फायनलचा दुसरा ग्रुप नोव्हेंबर २०२४ ला निघाला, पहिला काही केल्या निघत नाही. फायनान्शियल रिपोर्टिंग म्हणजे एफआर, अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट म्हणजे एएफएम, आणि ऑडिट या क्रमाने पहिल्या ग्रुपचे माझे मार्क असे आहेत: मे २०२४ – २९, ४१, ३९. नोव्हेंबर २०२४ – ३१, ४७, ४४. मे २०२५ – ३७, ६३, ४३. तेव्हा एएफएमला एक्झम्प्शन मिळालं. सप्टेंबर २०२५ – एफआर ३४, ऑडिट ४६. आणि या जानेवारीत एफआर ३८, ऑडिट ४५. गेल्या आठवड्यात निकाल लागला. फक्त चार मार्कांनी गेलं. बाबा म्हणतात, चार मार्कांसाठी कोणी सोडतं का, मेमध्ये दे. मामा म्हणतात, ‘आता पुरे कर ना बाप्पा, काहून ओढून राह्यली?’ बुटीबोरीच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये २८ हजारांची नोकरी चालून आली आहे, एप्रिलमध्ये रुजू व्हा म्हणतात. पण नोकरी धरली की सीए सुटलंच, माझ्या दोन मैत्रिणींचं तसंच झालं. मी लवकर सोडतेय की उगाच ओढतेय, हेच कळेनासं झालंय.*

*– एक वाचक, नागपूर*

तू मार्क लिहून पाठवलेस हे फार बरं केलंस. बहुतेक पत्रांत ‘खूप मेहनत केली, थोडक्यात गेलं’ एवढंच असतं आणि त्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. तुझ्या आकड्यांवरून बरंच सांगता येतं, आणि ते बाबांच्या म्हणण्याशी जुळत नाही, मामांच्या म्हणण्याशीही जुळत नाही.

आधी त्या चार मार्कांचं बघू. ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: ग्रुप निघायला प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तीन पेपर मिळून १५० लागतात. जानेवारीत तुझी बेरीज १४६ झाली, म्हणून चार कमी. पण हेच चार मार्क ऑडिटला वाढून मिळाले असते तरी तू नापासच होतीस, कारण एफआरचे ३८ तसेच राहिले असते. तेव्हा तू चार मार्कांनी गेली नाहीस, एफआरने गेलीस. हा फरक किरकोळ वाटेल, पण पुढचे दोन महिने काय करायचं ते यावरच ठरणार आहे.

आता १४६ कशाचे बनलेत ते बघ. त्यातले ६३ गेल्या मे महिन्यातले आहेत. एक्झम्प्शन असल्यामुळे ते प्रत्येक बेरजेत आपोआप येऊन बसतात. ते बाजूला ठेव आणि या तीन अटेम्प्टमध्ये तू प्रत्यक्ष दिलेल्या दोन पेपरांची बेरीज कर. गेल्या मेमध्ये ८०, सप्टेंबरमध्ये ८०, जानेवारीत ८३. बाबांना १०९, १२२, १४३, १४३, १४६ ही चढती कमान दिसते. मला मात्र त्यातले शेवटचे तीन आकडे जवळजवळ जागच्या जागीच दिसतात. चढण झाली ती सगळी मे २०२५ पर्यंत, आणि तिच्यातला मोठा वाटा एएफएमचा.

म्हणून ‘किती वेळा नापास झालीस’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते. पाच वेळा नापास होणं या परीक्षेत लाजेची गोष्ट नाही. नोव्हेंबर २०२४ ला पहिल्या ग्रुपचा निकाल १६.८० टक्के होता आणि मे २०२५ ला २२.३८ टक्के. म्हणजे हॉलमध्ये पाचातले चार जण नापासच होणार असतात, त्यांतले कितीतरी पुढे सीए होतात. मामांना हे माहीत नाही, म्हणून पाचचा आकडा मोठा वाटतो. मला विचारायचं आहे ते वेगळंच. सप्टेंबर आणि जानेवारी या दोन अटेम्प्टच्या मध्ये तू नेमकं काय बदललंस? पत्रात ते कुठे नाही. आणि एवढ्या बारकाईने मार्क लिहिणाऱ्या मुलीने उत्तरपत्रिकेबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, त्यावरून तू ती मागवलीच नसावीस असा माझा कयास आहे.

दोष सगळा तुझा नाही, वेळापत्रकाचाही आहे. २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मुलांना वाटतं, बरं झालं, संधी वाढली. पण परीक्षा झाली की निकालाला दोनेक महिने जातात, आणि निकाल लागतो तेव्हा पुढच्या परीक्षेला जेमतेम दोन महिने उरलेले असतात. निकाल आणि पुढचा फॉर्म जवळजवळ एकाच वेळी समोर येतात. रडून झालं की हात आपोआप फॉर्म भरतो, आणि जुनेच क्लासचे व्हिडिओ, जुन्याच नोट्स पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतात. पूर्वी दोन अटेम्प्टच्या मध्ये थोडी उसंत असायची, तेव्हा चूक शोधायला निदान वेळ तरी होता.

एक्झम्प्शनचंही तसंच. ६० किंवा जास्त मार्क मिळालेला पेपर लगेच पुढच्या तीन परीक्षांपुरता माफ असतो, मग तू त्यांना बस किंवा बसू नकोस. परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची तेव्हा ही मुदत दीड वर्षाची पडायची, आता ती वर्षात संपते. तुझं सप्टेंबर गेलं, जानेवारी गेली, आता उरला हा मे. त्यानंतर ही सवलत पुढेही धरून ठेवण्याचा पर्याय नव्या योजनेत आहे, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० ऐवजी ५० लागतात. एफआरमध्ये ३८ वर अडकलेल्या मुलीला तो पर्याय असून नसल्यासारखा. (परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयच्या साइटवर त्याचा नियम स्वतः वाचून घे, क्लासमधल्या ऐकीव माहितीवर राहू नकोस.)

यावरून माझं पहिलं मत असं की मे सोडू नकोस. चार मार्क राहिलेत म्हणून नाही. मेमध्ये तुला फक्त दोन पेपर द्यायचे आहेत आणि त्यांत मिळून ८७ हवेत. एफआर ४० आला तर ऑडिट ४७ हवा, एफआर ४२ आला तर ऑडिटचे आत्ताचे ४५ पुरतात. इतकी सोपी बेरीज तुला सप्टेंबरमध्ये मिळणार नाही. तेव्हा एएफएमही पुन्हा डोक्यावर असेल.

आता एफआर का हलत नाही, तिकडे येते. या आठवड्यात एक काम कर. निकालापासून ३० दिवसांच्या आत उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवता येते, एका पेपरला ५०० रुपये पडतात. एफआर आणि ऑडिट दोन्हींची मागव. पडताळणीच्या अर्जाशी याची गल्लत करू नकोस. पडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच बघतात, पुन्हा तपासणी होत नाही. मार्क वाढतील या आशेने प्रत मागवायची नसते. परीक्षकाने कुठे काय दिलं ते बघायला मागवायची.

प्रत हाती आली की काय बघायचं, ते एका मुलीच्या प्रतीवरून सांगते. माझ्याकडे दाखवायला आणली होती तेव्हा तिलाही एफआरमध्ये ३७ होते आणि तिचंही म्हणणं होतं की स्टँडर्ड्स पक्के नाहीत, पुन्हा क्लास लावते. पेपर असा असतो: ३० मार्कांचे एमसीक्यू, आणि ७० मार्कांचं लेखी, त्यात चौदा-चौदा मार्कांचे पाच प्रश्न लिहायचे, पहिला सक्तीचा, बाकीच्या पाचांतले कोणतेही चार. प्रतीत लेखी भागाचे मार्क दिसतात, एकूण मार्कांतून ते वजा केले की उरले ते एमसीक्यूचे. तिचे एमसीक्यूचे निघाले २०. म्हणजे पंधरातले दहा बरोबर. ज्या मुलीचे स्टँडर्ड्स खरोखर कच्चे आहेत तिला इथे वीस मिळत नाहीत. लेखीत होते १७. पानं उलटत गेलो तर पहिला प्रश्न कन्सॉलिडेशनचा, म्हणजे समूहातल्या कंपन्यांचा एकत्रित ताळेबंद मांडण्याचा, साडेसहा पानं भरलेली, ताळेबंद जुळवण्यासाठी दोनदा खाडाखोड, मार्क ५. दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ५. चौथा दीड पानात घाईघाईने, अक्षर बदललेलं, मार्क ३. पाचवा प्रश्न नाहीच. नुसता प्रश्नक्रमांक लिहिलेला आणि खाली कोरं पान.

तिला मी विचारलं, कन्सॉलिडेशनला किती वेळ गेला? पाऊण तासाच्या वरच म्हणाली. तीन तासांतली पन्नास मिनिटं एमसीक्यूला गेली तर पाच प्रश्नांना एकशे तीस उरतात, म्हणजे एकाला सव्वीस. तिने एकाच प्रश्नात दोन प्रश्नांचा वेळ खाल्ला, आणि तो प्रश्नही जुळला नाही. जुळला नसता तरी चाललं असतं. परीक्षक ताळेबंदाच्या जुळण्याला मार्क देत नाही, पायऱ्यांना देतो. गुडविलचं वर्किंग, नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टचं वर्किंग, अधिग्रहणापूर्वीचा आणि नंतरचा नफा वेगळा काढणं, याचे वेगवेगळे मार्क असतात, आणि हे सगळं पहिल्या वीस मिनिटांत होऊन जातं. तिने पुढे नवीन काही शिकलं नाही. सव्वीस मिनिटं झाली की हातातला प्रश्न अर्ध्यात सोडायचा आणि पुढच्या पानावर जायचं, एवढं एकच घोटलं. ऐकायला पोरकट वाटतं, पण न जुळलेला ताळेबंद सोडून पुढे जाताना कॉमर्सच्या मुलांचा जीव कासावीस होतो. त्याची सवय व्हायला तिला चांगला महिना लागला. पुढच्या अटेम्प्टला तिचा एफआर निघाला.

दुसऱ्या एका मुलाची प्रत याच्या अगदी उलट होती. पाचही प्रश्न लिहिलेले, एकही पान कोरं नाही, वेळ पुरलेला, आणि प्रत्येक प्रश्नाला दोन, तीन, फार तर चार मार्क. एमसीक्यूमध्येही जेमतेम बारा. बिझनेस कॉम्बिनेशनचा प्रश्न त्याने विकत घेतलेल्या कंपनीच्या पुस्तकी किमतींवर सोडवला होता. अधिग्रहणाच्या तारखेला मालमत्ता आणि देणी रास्त मूल्याला आणायची असतात, त्या वाढीवर डेफर्ड टॅक्स काढायचा असतो, मग गुडविल. पायाच चुकल्यावर पुढचं सगळं गणित चुकतच गेलं. त्याने आधीच्या दोन अटेम्प्टच्या प्रतीही जपून ठेवल्या होत्या, आणि तीनही प्रतींत हीच चूक होती. हे दुखणं वेगळं आहे. इथे घड्याळ लावून काही होत नाही. समज बसायला सहा-आठ महिने शांतपणे द्यावे लागतात, आणि दर चार महिन्यांनी परीक्षा देत राहिलं तर ते कधीच मिळत नाहीत. त्याला मी थांब म्हटलं. तो आज हिंगण्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळतो.

तुझी प्रत यांतल्या कोणासारखी निघते ते मला माहीत नाही. पण तू इतवारीतल्या लहान ऑफिसात होतीस यावरून एक अंदाज आहे. तीन वर्षांत तू व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न, टॅक्स ऑडिट, टॅलीतल्या एंट्र्या, बँकेची स्टॉक स्टेटमेंटं हे भरपूर केलं असणार. इंड एएस या मोठ्या कंपन्यांच्या हिशेब-मानकांवर बनलेला ताळेबंद एकदाही हाताळला नसशील, कारण ती मानकं लागू होतात शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा २५० कोटींच्या वर नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना आणि त्यांच्या समूहातल्या कंपन्यांना. इतवारी-गांधीबागेतल्या पेढ्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये आर्टिकलशिप केलेल्या मुलाने लीजवर घेतलेल्या मालमत्तेच्या वापरहक्काचं मूल्य प्रत्यक्ष एक्सेलमध्ये काढलेलं असतं. तू ते फक्त पाठ केलेलं आहेस. तुझ्याकडे अक्कल कमी आहे असा याचा अर्थ होत नाही, पण केवळ पुन्हा वाचून ही उणीव भरत नाही हे खरं.

त्यासाठी एक साधी गोष्ट करून बघ. आपल्या नागपुरातल्या सोलर इंडस्ट्रीजचा वार्षिक अहवाल कंपनीच्या साइटवर मिळतो. तिच्या परदेशात उपकंपन्या आहेत, त्यामुळे एकत्रित ताळेबंद, परकीय चलनाचा फरक, नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट हे सगळं त्यात एका जागी दिसतं. मॉइलचा अहवाल त्यापेक्षा सोपा. रविवारी तास-दीड तास, एका वेळी एकच टीप वाचायची आणि हा आकडा कुठून आला असेल ते पुस्तकात शोधायचं. अहवालाचं पारायण करू नकोस, वेळ नाही. जे प्रकरण तुला नेहमी दगा देतं तेवढंच.

ऑडिटबद्दल थोडक्यात. ४३ ते ४६ मध्ये घुटमळणारा ऑडिट बहुधा उत्तर माहीत असूनही मोघम लिहिल्याने घुटमळतो. प्रश्नातली वस्तुस्थिती, तिला लागू होणारं एसए म्हणजे ऑडिटचं मानक किंवा कायद्याचं कलम, दोन्हींचा सांधा, आणि शेवटी स्पष्ट निष्कर्ष, हे चारही उत्तरात आहेत का ते प्रतीत बघ. बहुतेकांचा तिसरा भाग गळतो. एसएमधली भाषा येते, पण ‘म्हणून या प्रकरणात ऑडिटरने अमुक करायला हवं होतं’ हे वाक्य येत नाही.

प्रत यायला वेळ लागेल, तोवर हात बांधून बसायचं नाही. आयसीएआय प्रत्येक परीक्षेआधी मॉक टेस्ट पेपर टाकतं. त्यातला एफआरचा एक पेपर येत्या रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात लिहून काढ. परीक्षेची वेळ तीच आहे, आणि मेमध्ये नागपुरात दुपारी एकला स्कार्फ गुंडाळून घराबाहेर पडून पंचेचाळीस अंशांत सेंटर गाठायचं असतं, तेव्हा दुपारी डोकं चालण्याची सवय लागलेली बरी. पेपर तपासायला मात्र दुसऱ्याला दे. तुझ्या जुन्या ऑफिसातले सर असतील, अलीकडेच पास झालेली एखादी मैत्रीण असेल. स्वतः तपासलेल्या पेपरात आपण मनातलं उत्तर तपासतो, कागदावरचं नाही. घड्याळ समोर ठेवून प्रत्येक प्रश्न किती वाजता सुरू केला ते समासात लिही. एवढ्यावरूनच तू त्या पहिल्या मुलीसारखी आहेस की दुसऱ्या मुलासारखी, ते बऱ्याच अंशी कळेल. एप्रिलच्या मध्याला दुसरा मॉक द्यायचा.

आता नोकरीचं. नोकरी धरली की सीए सुटतं, हे तुझ्या मैत्रिणींचं खरं असेल. पण त्या नोकरीमुळे सुटल्या, की आधीच दमलेल्या होत्या आणि नोकरीने त्यांना मानाने बाहेर पडायला वाट दिली, हे तुलाही ठाऊक नाही. बुटीबोरीला रोजचं जाणं-येणं धरून दिवसाचे अकरा-बारा तास जातील, वर एप्रिल-मे म्हणजे कंपन्यांत वर्षअखेरीचा ताळेबंद आणि ऑडिटची धावपळ. तेव्हा एप्रिलमध्ये रुजू होऊन मेमध्ये पेपर देणं मलाही शक्य वाटत नाही. त्यांना सरळ सांग, माझी मेमध्ये परीक्षा आहे, एक जूनपासून येते. अकाउंट्समध्ये सीए इंटर झालेली, आर्टिकलशिप पुरी केलेली माणसं त्यांना सहज मिळत नाहीत, दोन महिने थांबण्याची तयारी बरेचदा असते. नाही म्हणाले तर? तरीही मी मे दे असंच म्हणेन. बेरजेचं गणित या एका वेळीच इतकं तुझ्या बाजूने आहे, आणि २८ हजारांची अकाउंट्सची नोकरी बुटीबोरी, हिंगणा, मिहान मिळून जूनमध्येही निघेल. घरात पगाराची आत्ताच निकड असती तर उत्तर वेगळं दिलं असतं. पत्रात तसं काही नाही.

मेनंतरचं मात्र आजच ठरव, निकालाच्या दिवशी नाही. त्या दिवशी आकडा बघून मन काहीही ठरवतं. तीन शक्यता आहेत. ग्रुप निघाला, तर प्रश्नच नाही. एफआर पुन्हा चाळिशीच्या खाली राहिला, तर सप्टेंबरचा फॉर्म भरायचा नाही, मग बेरीज १४९ का असेना. दोनदा घड्याळ लावून, दुसऱ्याकडून तपासून, प्रत बघून केलेल्या तयारीनंतरही पेपर हलला नाही म्हणजे दोन महिन्यांच्या हप्त्यांनी तो हलणारा नाही. आणि तिसरी शक्यता अशी की एफआर चाळिशीपार गेला, पण बेरजेत चार-सहा कमी पडले. ही सर्वांत फसवी, कारण तेव्हा घरातले सगळे म्हणतील, बघ, आता तर एफआरही निघाला. पण तेव्हा एएफएमची माफी संपलेली असेल, तीनही पेपर पुन्हा द्यावे लागतील. तेव्हा नोकरी करत वर्षातून एकदाच, मेसाठी बसायचं, मधले दोन सोडून द्यायचे. फायनलची नोंदणी दहा वर्षांची असते, तिसाव्या वर्षीही ती मोडणार नाही. दुसरा ग्रुप निघालेला आहे, तो कोणी काढून घेणार नाही.

तुझ्यासारखीच पत्रं इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. तीनही पेपरांत ४३, ४५, ४४ असे मार्क पडून बेरजेत मार खाणाऱ्यांनी कच्चा पेपर शोधू नये, कच्चा कोणताच नाही. जो आवडता असेल त्याला पासष्टपर्यंत न्यावं, बाकीचे दोन आपोआप तरतात. दोन्ही ग्रुप बाकी असतील आणि दोन्हींची बरी तयारी असेल, तर एकत्र बसण्याचा फायदा असतो: प्रत्येक पेपरात ४० असले आणि सहा मिळून ३०० झाले, तर एका ग्रुपची तूट दुसऱ्याच्या जास्तीतून भरून निघते. आणि ज्यांचे तीन-चार अटेम्प्टनंतरही दोन-दोन पेपर विशी-पंचविशीत आहेत, त्यांनी पुढचा फॉर्म भरण्याआधी एक वर्ष नोकरी करावी. माझ्या या सल्ल्यावर आई-वडील नाराज होतात, ठाऊक आहे मला.

एवढी वर्षं वाया घालवली असं तुला वाटत असेल, पण बुटीबोरीवाले तुला बी.कॉम. म्हणून बोलवत नाहीत. आर्टिकलशिप, इंटर आणि फायनलचा एक ग्रुप, याचे ते पैसे देताहेत. कॉमर्सची पदवी असल्यामुळे तू जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणूनही नाव नोंदवू शकतेस, आणि इतवारीतली तीन वर्षं तिथे थेट कामाला येतात. सीए झाली नाहीस तर काय, याचं उत्तर आत्ता डोळ्यांसमोर असलं तर मेमध्ये तो कन्सॉलिडेशनचा प्रश्न सव्वीस मिनिटांनी सोडून द्यायला हात कमी थरथरेल.

बाबांना आणि मामांना एकत्र बसव आणि हा पाच अटेम्प्टचा तक्ता कागदावर मांडून दाखव. एएफएमचा रकाना हाताने झाकून. मेनंतरच्या तीन शक्यताही त्याच कागदावर लिही आणि दोघांना त्यावर हो म्हणायला लाव. उत्तरपत्रिकेचा अर्ज मात्र त्याआधी भर, ३० दिवसांतले सात गेलेच आहेत.